सव्वा तासाची सवलत : मॅनेजरला लिहिलेल्या एका पत्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातली कर्मचारी एका कंपनीच्या लेखा विभागात पेमेंट तपासण्याचं काम करते. एक सहकारी रोजची पेमेंट फाइल तयार करतो आणि ती फाइल ओळीनओळ तपासून हिला मंजूर करावी लागते. दोघांच्या मंजुरीशिवाय पैसे जात नाहीत. फाइलमध्ये साधारण साठ ते ऐंशी ओळी असतात, तपासायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि बँकेकडे ती सकाळी ११ च्या आत जावी लागते. कामाची वेळ ९ ते ६, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी. साडेनऊला सहा जणांच्या टीमची वीस मिनिटांची बैठक. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय तसेच ठेवले आहेत.)

बाळ साडेपाच महिन्यांचं असताना ती कामावर परत आली. सुरुवातीचे दोन आठवडे बरे गेले. नंतर बाळाचं रात्रीचं उठणं वाढलं. पत्र गेलं ते आठव्या आठवड्यात.

अडचण

पाचव्या आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. एका बुधवारी तिने मंजूर केलेल्या फाइलमध्ये एकच बिल दोनदा आलं होतं. बिल क्रमांकांपैकी एकाच्या आधी शून्य होतं, दुसऱ्याच्या आधी नव्हतं. तिला हा फरक ओळखता येतो, एरवी ती अशाच नोंदी पकडते. त्या दिवशी दोन्ही ओळींवरून नजर गेली आणि पुढे सरकली. फाइल पाठवायच्या दहा मिनिटं आधी सहकाऱ्याला एकूण रक्कम खटकली म्हणून ती अडली. त्यानंतर दोनच दिवसांनी ऑफिसला येताना सिग्नलला गाडी थांबवली असताना तिचा डोळा लागला. मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा जाग आली. त्या दिवसापासून तिने गाडी चालवणं बंद केलं.

तोवर "थकवा आहे, पण चाललंय" असंच तिचं उत्तर होतं, आणि ती खोटं बोलत नव्हती. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी प्रौढांची झोप सलग चौदा दिवस सहा किंवा चार तासांवर आणली होती. त्यांच्या लक्ष देण्याच्या चाचण्या दिवसेंदिवस बिघडत गेल्या, शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतक्या. पण किती झोप येते आहे असं विचारल्यावर त्यांची उत्तरं त्या प्रमाणात बदलली नाहीत. आपण किती घसरलो आहोत हे त्यांचं त्यांना नीट कळत नव्हतं. म्हणून अशा परिस्थितीत "मला कसं वाटतंय" यावर विसंबून चालत नाही, बाहेरची खूण बघावी लागते. इथे ती खूण म्हणजे दुबार बिल आणि मागून वाजलेला हॉर्न.

मग तिने नोंद ठेवायला घेतली. पलंगाशेजारी वही, पेन्सिल आणि घड्याळ. मोबाइल मुद्दाम वापरला नाही, कारण पडदा उजळला की दहा मिनिटं त्यातच जातात. पहिले तीन दिवस ती सकाळी फक्त एकूण तास लिहायची. तो आकडा पावणेसहा-सहा तासांच्या आसपास येई आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं, सहा तास म्हणजे फार वाईट नाही. चौथ्या दिवसापासून ती प्रत्येक जाग लिहू लागली. त्यातलं एक पान असं आहे :

झोप १०:३०. जाग ११:५०, परत १२:१५. जाग २:०५, परत २:४५. जाग ३:४०, परत ४:००. जाग ५:००, परत ५:२५. उठले ६:१५.

बेरीज केली तर ५ तास ५५ मिनिटं भरतात. पण ती पाच तुकड्यांत आहे : ८० मिनिटं, ११०, ५५, ६० आणि ५०. प्रौढ माणसाच्या झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. या रात्रीत तेवढा वेळ फक्त एकाच तुकड्यात मिळाला, आणि बाळ निजल्यावर स्वतःला झोप लागेपर्यंतची मिनिटं अजून वजा केलेली नाहीत. दहा रात्रींत सर्वांत लांब सलग झोप १ तास ५० मिनिटांची होती.

पण या वहीतून निघालेली सर्वांत उपयोगाची गोष्ट वेगळीच होती. पहाटे पाचच्या दुधानंतर बाळ दहापैकी आठ दिवस साडेसातपर्यंत उठलं नव्हतं. म्हणजे रात्रीतला सर्वांत भरवशाचा सलग तुकडा ५:२५ ते ७:३० हा होता. आणि तोच तुकडा ती सव्वासहाचा गजर लावून मधोमध तोडत होती, कारण पाळणाघर करून ऑफिस गाठायला ८:०५ ला निघावं लागे.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला विचार बाळाची झोप सुधारण्याचा. बाळाला डॉक्टरांना दाखवलं. वजन, वाढ ठीक. या वयात रात्री उठणं सर्रास असतं, आणि ते कधी थांबेल याची तारीख कोणी देऊ शकत नाही. झोपवण्याच्या वेळा नियमित करणं वगैरे सुरू केलं, पण त्याच्या भरवशावर उद्याची फाइल तपासता येत नाही.

तिच्या स्वतःच्या तपासणीत डॉक्टरांनी एक नेमका प्रश्न विचारला : बाळ झोपलेलं असताना तुम्हाला झोप लागते का? लागते, पडल्या पडल्या लागते, हे उत्तर महत्त्वाचं होतं. बाळ शांत झोपलं असतानाही आई तासन् तास जागी राहत असेल, तर प्रश्न ऑफिसच्या वेळेचा नसून बाळंतपणानंतरच्या नैराश्याचा किंवा चिंतेचा असू शकतो, आणि तिथे उशिराची वेळ हा उपाय नव्हे. १९८७ पासून वापरात असलेली एडिनबर्गची दहा प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघितलं. काळजीचं काही निघालं नाही. हे आधी झालं ते बरं झालं, नाहीतर चुकीच्या प्रश्नाचं उत्तर मागणारं पत्र गेलं असतं.

रजा घेणं हा दुसरा पर्याय. शिल्लक सहा दिवस. एका दिवसाच्या रजेने त्या दिवसापुरता आराम मिळतो, पण त्या रात्री बाळ पुन्हा चार वेळा उठतं. सहा रजा सहा दिवसांत संपल्या असत्या आणि बाळ आजारी पडल्यावर हाताशी काही उरलं नसतं.

घरून काम हा बऱ्याच जणांना सुचणारा पर्याय. पण पेमेंट मंजुरीची यंत्रणा फक्त ऑफिसच्या जोडणीवर चालते. त्यामुळे नेमकं सकाळचं कामच घरून होत नव्हतं.

अर्धवेळ काम : पगार कमी होणार आणि पूर्णवेळ परत येणं पुन्हा नव्या मंजुरीवर अवलंबून. शिवाय कमी केलेले तास संध्याकाळचे असतील तर त्याचा काडीचा उपयोग नाही. संध्याकाळी साडेचारला घरी आलं तरी बाळ तेव्हा जागंच असतं.

म्हणजे हिशेब तासांचा नव्हता, कोणते तास याचा होता. काम तेवढंच, आठ तास, फक्त दीड तास पुढे सरकवलेलं. ९ ऐवजी १०:३० ला पोहोचायचं असेल तर सव्वासहाऐवजी पावणेआठला उठता येतं आणि पहाटेचा ५० मिनिटांचा तुकडा दोन तासांच्या वर जातो. नवरा आठ वाजता घरातून निघतो, त्यामुळे साडेसातला उठलेल्या बाळाला पहिला अर्धा तास तो बघू शकत होता. संध्याकाळी पाळणाघर साडेसहाला बंद होतं, तिथून बाळाला आणणं त्याच्याकडे जाणार होतं.

पत्राचा पहिला मसुदा

पहिला मसुदा तिने पहाटे साडेतीनला, बाळ मांडीवर असताना, मोबाइलवर लिहिला. सुदैवाने पाठवला नाही. पत्र सहाशेहून जास्त शब्दांचं होतं. "माफ करा" आणि "मला कळतंय की" मिळून सात वेळा आलं होतं. पहिले तीन परिच्छेद रात्रींच्या वर्णनाचे, चौथ्यात कामाबद्दलची निष्ठा, आणि अगदी शेवटच्या ओळीत मागणी : "शक्य असेल तर काही दिवस थोडं उशिरा आलं तर चालेल का?"

ही ओळ सगळ्यात मोठी चूक होती. "काही दिवस" म्हणजे किती आणि "थोडं उशिरा" म्हणजे किती, हे मॅनेजरला ठरवावं लागतं. मॅनेजरला ठरवायचं नसेल तर सोपं उत्तर असतं "हो हो, बघू, ॲडजस्ट करू या". अशा उत्तराने कर्मचारी कधी ९:२० ला, कधी १०:०५ ला येऊ लागते, टीमला अंदाज येत नाही आणि महिन्याभरात "ही हल्ली उशिरा येते" अशी प्रतिमा तयार होते. स्पष्ट नकारापेक्षा हा मोघम होकार जास्त त्रास देतो.

दुसरा मसुदा दोन दिवसांनी, दुपारी, जेवणाच्या सुट्टीत लिहिला. मागणी पहिल्या वाक्यात आणली. कारणाला तीन-चार वाक्यं ठेवली. उरलेली जागा कामाच्या सोयीला दिली. दुबार बिलाचा उल्लेख करावा की नाही यावर ती बराच वेळ अडली होती. मॅनेजरला ती चूक माहीत होतीच. न लिहिली असती तर वाचताना ती मॅनेजरच्या डोक्यात आलीच असती, फक्त पत्राशी न जोडता. म्हणून एका वाक्यात लिहिली. सिग्नलचा प्रसंग मात्र "फार वैयक्तिक वाटेल" म्हणून काढून टाकला.

पाठवलेलं पत्र

सोमवारी तिने मॅनेजरला पाच मिनिटं भेटून सांगितलं की कामाच्या वेळेबद्दल लेखी विनंती पाठवते आहे. मंगळवारी दुपारी ईमेल गेला.

*विषय : सहा आठवड्यांसाठी कामाची वेळ बदलण्याबाबत*

*मॅडम, नमस्कार.*

*येत्या सोमवारपासून सहा आठवडे माझी कामाची वेळ ९ ते ६ ऐवजी १०:३० ते ७ करावी, अशी विनंती आहे. जेवणाची सुट्टी एक तासाऐवजी अर्धा तास घेईन, म्हणजे रोजचे आठ तास पूर्ण होतील.*

*बाळ सध्या रात्री चार वेळा उठतं. दहा रात्रींच्या नोंदीत माझी सलग झोप एकदाही दोन तास झालेली नाही. पहाटे साडेपाच ते साडेसात बाळ शांत झोपतं, पण नऊला पोहोचायचं तर मला सव्वासहाला उठावं लागतं. वेळ पुढे सरकली तर ही झोप सलग मिळेल. तीन आठवड्यांपूर्वीच्या बुधवारची दुबार नोंद माझ्या नजरेतून सुटली ती याच काळात. तसं पुन्हा होऊ नये, म्हणून ही विनंती करते आहे.*

*कामाची सोय अशी सुचवते. पेमेंट फाइल १०:१५ पर्यंत तयार असेल तर १०:३० ते १०:५५ या वेळात मी ती तपासून मंजूर करेन. मला पोहोचायला उशीर झाला तर पर्यायी मंजुरी देणारं कोणी हवं, त्यासाठी एका सहकाऱ्याला अधिकार द्यावे लागतील. मी त्यांना आधीच्या आठवड्यात दोन दिवस सोबत बसवून काम दाखवेन. साडेनऊच्या बैठकीतल्या माझ्या विषयांची नोंद मी आदल्या संध्याकाळी पाठवेन. महिनाअखेरीच्या शेवटच्या दोन दिवशी मी नेहमीसारखी ९ ला येईन.*

*तिसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी पंधरा मिनिटं बसून आढावा घेऊ या. कामाला अडचण होत असेल तर तेव्हाच बदल करता येईल. सहा आठवड्यांनंतर वेळ पुन्हा ९ ची होईल. मुदत वाढवून हवी असल्यास मी एक आठवडा आधी लेखी विचारेन.*

*शुक्रवारपर्यंत कळवलंत तर पाळणाघराला बदललेली वेळ सांगता येईल.*

झोपेचे एकूण तास पत्रात नाहीत, हे मुद्दाम. "सहा तास" हा आकडा वाचणाऱ्याला दिलासा देतो. जाग किती वेळा आणि सलग झोप किती, हे दोन आकडे परिस्थिती खरी दाखवतात. घरात रात्री कोण काय करतं याचाही खुलासा नाही. नवऱ्याने किती वेळा उठावं हा मॅनेजरचा विषय नाही, आणि तो खुलासा एकदा पत्रात आला की त्यावर चर्चा सुरू होते.

मॅनेजरच्या बाजूने

मॅनेजरला तीन गोष्टी खटकल्या. पहिली, फाइल. १०:३० ला आलं, वाटेत पाच मिनिटं उशीर झाला, संगणक सुरू व्हायला चार मिनिटं गेली, आणि त्यात एखादी ओळ शंकास्पद निघाली तर ११ ची वेळ चुकणार. तपासणी घाईत झाली तर ज्या कारणासाठी हे सगळं चाललंय तेच फसणार. दुसरी, बाकीच्यांनीही अशीच मागणी केली तर? तिसरी, ती सात वाजेपर्यंत थांबणार तेव्हा बहुतेक टीम गेलेली असेल, मग तिला अडलं तर कोणाला विचारायचं?

दुसऱ्या मुद्द्यावर मॅनेजरने जे ठरवलं ते चांगलं होतं. आपण सवलत देत नसून एका ठरावीक मुदतीची व्यवस्था करतो आहोत, आणि कोणीही अशीच मुदत, अशीच पर्यायी सोय आणि आढाव्याची तारीख घेऊन आलं तर त्याचाही विचार करू, अशी तिने स्वतःशी कसोटी ठरवली. कारण बाळाचंच असावं, अशी अट त्यात नव्हती.

पहिल्या मुद्द्यावर वेळ बदलली : १०:३० ऐवजी १०:१५ ते ६:४५. कर्मचारीला पंधरा मिनिटं सोडावी लागली, म्हणजे पावणेआठऐवजी साडेसातला उठणं. वहीप्रमाणे बाळ साडेसातच्या आसपासच उठत होतं, त्यामुळे पहाटेचा तुकडा तरीही दोन तासांचा राहत होता. वही नसती तर या पंधरा मिनिटांवर घासाघीस झाली असती. असल्यामुळे ती लगेच हो म्हणाली.

बोलता बोलता तिने सिग्नलचा प्रसंगही सांगितला. मॅनेजरने नंतर कबूल केलं की खरा निर्णय त्या वाक्यावर झाला.

शुक्रवारी लेखी होकार आला. त्यात तारखा, वेळा, जेवणाची सुट्टी, पर्यायी मंजुरीसाठीचं नाव आणि आढाव्याचा दिवस होता. टीमला काय सांगायचं तेही ठरलं : "पुढचे सहा आठवडे यांची वेळ १०:१५ ते ६:४५ आहे." कारण सांगायचं नाही, तिने स्वतःहून सांगितलं तर गोष्ट वेगळी.

प्रत्यक्षात काय झालं

पहिल्याच आठवड्यात हजेरीच्या यंत्रणेने दगा दिला. मॅनेजरने होकार दिला, पण हजेरीतली वेळ कोणी बदलली नाही. सव्वानऊनंतरची प्रत्येक नोंद लेट मार्क, आणि तीन लेट मार्कांना अर्ध्या दिवसाची रजा कापली जाते. शुक्रवारी तिने स्वतःची हजेरी उघडली तेव्हा पाच लेट मार्क लागलेले आणि अर्धा दिवस गेलेला. तो परत मिळवायला मनुष्यबळ विभागाशी चार ईमेल झाले. मंजुरीच्या पत्राची प्रत पहिल्या दिवशीच तिकडे गेली असती आणि "हजेरीतली शिफ्ट अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बदलावी" एवढी ओळ त्यात असती, तर हे घडलं नसतं.

दुसरी गडबड गुरुवारची. नवऱ्याची दर गुरुवारी संध्याकाळी उशिराची मीटिंग असते. पूर्वी ती सहाला निघून पावणेसातच्या आत पाळणाघरात पोहोचायची आणि पाळणाघर त्या एका दिवशी दहा मिनिटं सांभाळून घ्यायचं. आता ती पावणेसातला ऑफिसातूनच निघणार होती. पहिल्या गुरुवारी ६:३५ ला पाळणाघरातून फोन आला तेव्हा दोघांनाही समजलं की आपण आठवड्याचा हिशेब सोमवार धरून केला आहे. उशिरा सुरुवात मागताना सगळे सकाळकडे बघतात, आणि प्रत्यक्षात ती मोडते संध्याकाळी. पर्याय काढला तो असा : गुरुवारी ती पावणेसहालाच निघणार, त्या दिवशीचा एक तास बाकीच्या चार दिवसांवर पंधरा-पंधरा मिनिटं वाटून, म्हणजे त्या चार दिवशी सात वाजेपर्यंत थांबून. मॅनेजरला एका ओळीचा ईमेल, तिकडून एका शब्दाचं उत्तर.

बैठकीचं मात्र आपोआप सुटलं. पहिला आठवडा तिने आदल्या संध्याकाळी तीन ओळी पाठवल्या : काय अडलं आहे, उद्या काय होणार, कोणाकडून काय हवं. दुसऱ्या आठवड्यात मॅनेजरने सहज विचारलं, बैठक ११:१५ ला घेतली तर? फाइल गेलेली असते, सगळे मोकळे असतात. कोणाचीच हरकत नव्हती. साडेनऊची वेळ केव्हा आणि का ठरली होती हे कोणाला आठवतही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात महिनाअखेर आली, बुधवार आणि गुरुवार. पत्रात तिने स्वतःहून दिलेला शब्द : ९ ला येईन. त्याच आठवड्यात बाळाला सर्दी झाली. दोन पहाटे पुन्हा सव्वासहाचा गजर, आणि शुक्रवारी आढावा. आढाव्याला ती आली तेव्हा ती सहा आठवड्यांपूर्वीसारखीच दिसत होती, आणि मॅनेजरचा पहिला प्रश्न होता, "याचा उपयोग होतोय का?" वही हाताशी होती म्हणून निभावलं. बुधवारच्या आधीच्या बारा कामाच्या दिवसांत पहाटेची सलग झोप नऊ वेळा पावणेदोन तासांच्या वर गेली होती, हे दाखवता आलं. नुसतं "हो, फरक पडतोय" म्हणाली असती तर समोरच्या चेहऱ्याने ते खोटं ठरवलं असतं.

परिणाम

रात्रीचं उठणं या व्यवस्थेने कमी झालं नाही, होणारही नव्हतं. पहिले चार आठवडे बाळ तितक्याच वेळा उठत होतं. बदलला तो फक्त शेवटचा तुकडा. आधीच्या पाच आठवड्यांत तिच्या नजरेतून सुटून दुसऱ्याने पकडलेल्या चुका चार होत्या, नंतरच्या सहा आठवड्यांत एक. तीही महिनाअखेरीच्या गुरुवारची. पर्यायी मंजुरीची गरज दोनदा पडली. एकही फाइल ११ च्या पुढे गेली नाही.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी बाळ मधली एक जाग सोडू लागलं. त्याच सुमारास, ठरल्याप्रमाणे आठवडाभर आधी, तिने मुदतवाढ मागितली, पण त्याच वेळेची नव्हे. सातवा आठवडा ९:४५, आठवा ९:३०, नववा ९:००. प्रत्येक टप्प्यात उठण्याची वेळ अर्ध्या तासाने किंवा त्याहून कमी अलीकडे येत होती. एकदम सव्वा तास मागे यायचं असतं तर पहिला आठवडा वाईट गेला असता. नवव्या आठवड्यात ती ९ ला हजर होती, आणि बाळ तेव्हाही रात्री दोनदा उठत होतं.

काय वेगळं करता आलं असतं

सिग्नलला डोळा लागला ती गोष्ट पत्रात एका ओळीत यायला हवी होती : "झोपेअभावी मी सध्या गाडी चालवणं थांबवलं आहे." ही वैयक्तिक तक्रार नाही, सुरक्षिततेची बाब आहे. बोलण्यात आली म्हणून निर्णय झाला खरा, पण लेखी नोंदीत ती कुठेच नाही. मधेच मॅनेजर बदलला असता तर नव्या माणसाच्या हाती फक्त दुबार बिलाची गोष्ट पडली असती.

महिनाअखेरीची तडजोड तिने कोणी न मागताच देऊन टाकली. पत्र लिहिताना अपराधीपणा वाटत असला की असं होतं. मागणीच्या बदल्यात काहीतरी द्यायलाच हवं असं वाटतं, आणि नेमकी चुकीची गोष्ट दिली जाते. महिनाअखेरीला फाइल नेहमीच्या दुप्पट असते, म्हणजे त्या दोन दिवशी डोळे सर्वांत ताजे हवेत. पर्यायी मंजुरी देणाऱ्याला त्या दोन दिवशी सकाळी अर्धी फाइल दिली असती तर भागलं असतं. सातव्या आठवड्यातल्या महिनाअखेरीला तसंच केलं, काही अडलं नाही.

आढाव्याचा दिवस ठरवताना कॅलेंडर उघडलं असतं तर महिनाअखेरीच्या लगेच पुढच्या दिवशी तो आलाच नसता. आणि पत्र पाठवण्याआधी आठवड्याच्या पाचही संध्याकाळी एकेक करून कागदावर मांडायला हव्या होत्या : किती वाजता निघणार, कोण आणणार, त्या दिवशी त्याला काय काम आहे.

मॅनेजरच्या बाजूनेही एक राहून गेलं. चौथ्या आठवड्यात कर्मचारीच्या चार मोबदला-रजा बाकी असल्याचं लक्षात आलं, कामावर परत येण्याआधीच्या. त्यातल्या दोन महिनाअखेरीच्या लगेच पुढच्या दिवसांना घेता आल्या असत्या. त्या कोणी विचारल्या नाहीत, म्हणून कोणी सांगितल्या नाहीत.